पहिल्या फोनआधीचा एक तास: शिरोलीच्या एका फाउंड्रीची माहिती कशी काढली

फाउंड्रीवाल्यांना वीज मोजायची यंत्रणा विकायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. कोल्हापूरजवळच्या एका मालकांना फोन लावला आणि लगेच सुरुवात केली, "तुमच्या इंडक्शन फर्नेसला एक टन वितळवायला किती युनिट लागतात, हे हीटनिहाय कळलं तर..." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "साहेब, आमच्याकडं क्युपोला हाय. कोक जाळतोय आम्ही. कसली युनिटं मोजताय?" दीड मिनिटात फोन संपला. त्यांच्या भट्टीत कोक जातो की वीज, हे शोधायला मला दहा मिनिटंही लागली नसती.

तेव्हापासून पहिल्या फोनआधी एक तास बसायचं, असं मी ठरवलं. तासच. त्यापेक्षा जास्त बसलो तर फोन टाळायचं निमित्त होतं, हेही मला कळून चुकलंय. तासाच्या शेवटी हातात एक पान हवं: या माणसाचं काम काय आहे, त्याला पैसे कुठे कमी पडत असतील, आणि त्याला विचारायचे दोन प्रश्न. त्या पानासाठी कुठे काय पाहतो ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या उदाहरणातून सांगतो. नाव घेत नाही, आणि आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

पहिली दहा मिनिटं: समोरचा नक्की कोण

गेटवर एक नाव, बिलावर दुसरं आणि वेबसाइटवर तिसरं, हे आपल्याकडच्या उद्योगांत रोजचंच आहे. फाउंड्री एका नावाने, मशीन शॉप भावाच्या नावाने आणि जागा तिसऱ्याच फर्मची. म्हणून आधी जीएसटी नंबर शोधायचा. इंडियामार्टच्या पानावर तो बहुतेक वेळा छापलेला असतो. मग services.gst.gov.in वर जाऊन 'Search Taxpayer' मध्ये तो टाकायचा. कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि रिटर्न वेळेवर भरले जातात की नाही, हे सगळं फुकट दिसतं.

नुसत्या नंबरातूनही बरंच कळतं. पहिले दोन अंक २७ असतील तर महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धंद्याचं स्वरूप सांगतं: P असेल तर एकट्या मालकाचा, F म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी, C म्हणजे कंपनी. हे आधी माहीत हवं, कारण कंपनी किंवा एलएलपी असेल तरच पुढची एमसीएची, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटची, पायरी उपयोगी पडते. साध्या भागीदारी फर्मचे ताळेबंद तिथे नसतात, उगीच पंधरा मिनिटं जातात.

त्याच पानावर एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचे नंबर, दिसतात. ७३२५ म्हणजे लोखंडी कास्टिंग, ८७०८ म्हणजे वाहनांचे आणि ट्रॅक्टरचे भाग, ८४१३ म्हणजे पंप. आमच्या उदाहरणात ७३२५ आणि ८७०८ दोन्ही होते. याचा अर्थ नुसतं ओतून देत नाहीत, बहुधा मशीनिंग करून तयार भागही देतात आणि गिऱ्हाईक वाहन किंवा ट्रॅक्टर क्षेत्रातलं आहे. मात्र नोंदणीच्या वेळी सीएने अंदाजाने भरलेले कोडही असतात, तेव्हा हा पुरावा नव्हे, सुगावा समजायचा.

कंपनी असेल तर mca.gov.in वर मास्टर डेटा काढायचा. सीआयएन या कंपनीच्या नोंदणी नंबरात स्थापनेचं वर्ष असतं, आणि कोल्हापूरची कंपनी पुण्याच्या रजिस्ट्रारकडे येत असल्याने राज्याच्या जागी बऱ्याचदा PN दिसतं. त्यावरून कंपनी पुण्याची आहे असं समजून घोळ करू नका. मला मात्र त्या पानावर सगळ्यात आधी चार्जेसची यादी पाहायची असते. बँकेने कर्जापोटी कंपनीच्या मालमत्तेवर बोजा चढवला की त्याची नोंद इथे होते: कधी, किती रकमेचा, आणि फिटला की नाही. आमच्या फाउंड्रीवर आठ महिन्यांपूर्वीचा साडेसहा कोटींचा नवा चार्ज होता. जुन्या कॅश क्रेडिटच्या वाढीव मर्यादेची नोंदही अशीच दिसते, म्हणून 'नवी फर्नेस घेतली' असं लगेच लिहायचं नाही. 'नवी मशिनरी असू शकते, विचारायचं' असं लिहायचं.

पुढची वीस मिनिटं: भट्टी किती मोठी

या वीस मिनिटांवर बाकीचं सगळं उभं राहतं. इथे मी घाई करत नाही.

कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. उद्योगातले लोक तिला नुसतं 'कन्सेंट' म्हणतात. त्या पत्रात उत्पादनाचं नाव, महिन्याची मंजूर क्षमता, चिमण्या आणि इंधन लिहिलेलं असतं. क्युपोला असेल तर इंधनात कोक येतो, इंडक्शन असेल तर येत नाही. माझी ती दीड मिनिटाची नाचक्की या एका ओळीने टळली असती. मंडळाच्या साइटवर शोधायचं, नाहीतर सरळ गुगलवर:

```
"company name" "consent to operate" filetype:pdf
```

आमच्या फाउंड्रीच्या कन्सेंटमध्ये महिन्याला ८०० टन कास्टिंग होतं आणि कोकचा उल्लेख नव्हता.

मंजूर क्षमता म्हणजे खरं उत्पादन नव्हे. ते काढायला उलाढाल लागते. एमसीएवर थोडं शुल्क भरून ताळेबंद पाहता येतो, पण तो जुना असतो हे लक्षात ठेवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत आणि ताळेबंद त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे मार्चला संपलेल्या वर्षाचे आकडे साधारण नोव्हेंबरपर्यंत हाती येत नाहीत. आमच्याकडे मिळालेली उलाढाल ७२ कोटींची होती.

आता कागदावर हिशेब. तयार कास्टिंगचा सरासरी दर किलोला १०० रुपये धरला, तर ७२ कोटी म्हणजे वर्षाला ७,२०० टन आणि महिन्याला ६०० टन. ८०० टनांच्या परवानगीत ६००, म्हणजे पाऊण क्षमतेवर काम चाललंय. पण ६०० टन चांगलं कास्टिंग मिळवायला त्याहून बरंच जास्त लोखंड वितळवावं लागतं, कारण साच्यातल्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, म्हणजे रनर आणि रायझर, आणि रिजेक्शन परत भट्टीत जातात. यील्ड, म्हणजे वितळवलेल्या लोखंडातून हाती येणारं चांगलं कास्टिंग, ६५ टक्के धरलं तर सुमारे ९२० टन द्रव धातू. इंडक्शन फर्नेसला टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. ६०० धरले तर महिन्याला साडेपाच लाख युनिट नुसत्या वितळवण्यात. युनिटला सगळं धरून ९ रुपये पडले तर जवळपास ५० लाखांची वीज. त्यात तीन टक्के वाचले तर महिन्याला दीड लाख.

यातला प्रत्येक आकडा चुकीचा असू शकतो. किलोला १०० ऐवजी १२० रुपये असतील तर टन कमी होतात. यील्ड ५८ टक्के असेल तर वीज वाढते. पण मला ४९ लाख की ५३ लाख हे ठरवायचंच नाही. बिल पाच लाखांचं आहे की पन्नास लाखांचं, एवढंच ठरवायचंय. पाच लाखांचं असेल तर माझी यंत्रणा त्यांना परवडणारच नाही, आणि फोन न करणं दोघांच्याही हिताचं.

शेवटी पाच मिनिटं उपग्रह नकाशा. शेडची लांबी मोजता येते, वाळूचे ढीग दिसतात. आमच्या फाउंड्रीच्या अर्ध्या छपरावर सौर पॅनेल होते. म्हणजे मालकाने वीजबिलावर आधीच विचार करून पैसा घातलाय. 'वीज महाग झालीय हो' हे त्याला माझ्याकडून ऐकायचं नाही. नकाशातला फोटो जुना असू शकतो; गुगल अर्थच्या डेस्कटॉप आवृत्तीत तारीखवार जुने फोटो दिसतात, त्यावरून पॅनेल साधारण कधी बसले तेही कळतं.

उद्योग समजून घ्यायचा तर गिऱ्हाइकाकडे बघा

'भारतीय फाउंड्री उद्योग' असं शोधलंत तर बाजारपेठेच्या वाढीचे चकचकीत आलेख मिळतील. फोनवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. शिरोलीच्या मालकाचा महिना कसा जाणार, हे त्याच्या गिऱ्हाइकाच्या शेड्यूलवर ठरतं. त्यामुळे मी एक पायरी वर जातो. ते ट्रॅक्टरचे भाग ओतत असतील तर ट्रॅक्टर किती विकले गेले ते पाहतो. महिंद्रा, एस्कॉर्ट्स कुबोटा या कंपन्या दर महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याची विक्री शेअर बाजाराला कळवतात. मालवाहू गाड्यांसाठी टाटा मोटर्स आणि अशोक लेलँडचे आकडे असेच येतात. गेल्या तीन महिन्यांचे आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की दिशा कळते. ट्रॅक्टरची विक्री सणासुदीला आणि पेरणीआधी चढते, म्हणून सप्टेंबरची तुलना ऑगस्टशी करायची नाही. शिवाय धोरणात काही बदललंय का तेही बघायचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. असा बदल झाला की पुढच्या महिन्यांच्या आकड्यांत ओढ दिसतेय का, हे तपासून घ्यायचं.

गिऱ्हाईक कोण हे कसं कळतं? वेबसाइटवरचे लोगो बघा, पण त्यांवर भिस्त ठेवू नका. दहा वर्षांपूर्वी एकदा नमुने दिले तरी लोगो तसाच राहतो. पतमानांकन संस्थांची टिपणं त्यापेक्षा कितीतरी भरवशाची. बँकेचं मोठं कर्ज घेतलेल्या, शेअर बाजारात नसलेल्या बऱ्याच मध्यम कंपन्यांचंही मानांकन क्रिसिल, इक्रा, केअर, ॲक्युइटे अशा संस्थांनी केलेलं असतं, आणि त्यामागची कारणं देणारं टिपण त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. चार पानांत उलाढाल, मोठ्या गिऱ्हाइकांवरचं अवलंबित्व, पैसे किती दिवस अडकतात, कच्च्या मालाच्या भावाचा फटका किती बसतो, हे सगळं असतं. मालक स्वतः पहिल्या भेटीत सांगणार नाही, अशा गोष्टी. टिपणावर 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' असा शेरा असेल तर कंपनीने माहिती देणं थांबवलंय; आतले आकडे जुने समजायचे. शेरा कशामुळे आला याचे तर्क फोनवर लढवायचे नाहीत.

आमच्या फाउंड्रीचं मानांकन नव्हतंच. तेव्हा तशाच आकाराच्या, तेच भाग ओतणाऱ्या दोन फाउंड्रींची टिपणं वाचली. दोन्हींत एकच गोष्ट होती: पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव वाढले तर गिऱ्हाईक काही काळाने दर वाढवून देतं, मात्र वीज आणि मजुरीचा वाढीव खर्च तसा सहज वसूल होत नाही. ही ओळ वाचून माझं पान जवळजवळ तयार झालं. लोखंडाच्या भावात मालकाचा हात फारसा नाही. विजेचं प्रत्येक युनिट मात्र थेट त्याच्या खिशातून जातं.

मग महावितरणच्या दराकडे वळलो. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उच्चदाब उद्योगांना सवलत असायची, म्हणून फाउंड्र्या रात्री मेल्टिंग करायच्या. २०२५ च्या दर आदेशापासून सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आणि संध्याकाळचे तास महाग झाले. या आदेशावर नंतर फेरविचार आणि वादही झाले, त्यामुळे फोनच्या दिवशी लागू असलेला ताजा दरपत्रकच वाचायचा. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तक्ता नको. ज्या फाउंड्रीने वर्षानुवर्षं रात्रीची शिफ्ट बसवली, तिच्यापुढे आता मोठा प्रश्न आहे. आणि तो मी फोनवर विचारू शकतो.

स्पर्धक: त्यांचे वेगळे, आपले वेगळे

इथे बहुतेकजण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्रींची यादी करतात आणि काम झालं समजतात. शेजारची फाउंड्री बऱ्याचदा स्पर्धक नसतेच. एक जण पंपाचे पाच किलोचे भाग ओतत असेल, दुसरा गिअरबॉक्सचं पन्नास किलोचं हाउसिंग. खरा स्पर्धक म्हणजे तोच भाग, त्याच गिऱ्हाइकाला देणारा. मोठ्या कंपन्या एका भागासाठी सहसा दोन पुरवठादार ठेवतात आणि कामाची वाटणी मागेपुढे करतात. तो दुसरा पुरवठादार बेळगावला असेल, राजकोटला असेल किंवा कोइमतूरला. त्याला शोधायला मी गुगलवर भागाचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव आणि 'castings rating rationale' असं एकत्र टाकतो, आणि लिंक्डइनवर त्या गिऱ्हाइकाच्या सप्लायर मीटचे फोटो बघतो. बक्षीस घेतानाचे फोटो लोक हौसेने टाकतात.

आमच्या बाबतीत दुसरा पुरवठादार बेळगावचा निघाला. कर्नाटकातला वीजदर वेगळा, आणि कोल्हापूरच्या उद्योजकांची त्यावरची जुनी तक्रार वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी येतेच. म्हणजे आमच्या मालकाला गिऱ्हाइकाकडे दर मागताना पलीकडचा दर ऐकायला मिळत असणार. हे मी पानावर लिहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

मोठ्या चित्रासाठी एक नोंदणीकृत कंपनी वाचायची. माझी निवड किर्लोस्कर फेरस. सोलापूर आणि कोप्पळला त्यांच्या कास्टिंगच्या भट्ट्या आहेत आणि पिग आयर्नही ही कंपनी स्वतः बनवते. गुंतवणूकदारांबरोबरच्या त्यांच्या कॉलची संहिता शेअर बाजाराच्या साइटवर मिळते. सगळी वाचत बसायचं नाही. 'Power', 'tractor', 'pig iron' हे तीन शब्द शोधायचे आणि त्याभोवतीचे परिच्छेद वाचायचे. सहा मिनिटं पुरतात. एवढ्या मोठ्या कंपनीची तुलना शिरोलीच्या मालकासमोर मात्र करू नका. त्याला ती आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

राहिले आपले स्पर्धक. आयफेक्स हे फाउंड्री क्षेत्राचं प्रदर्शन भरतं, त्यातल्या स्टॉलधारकांची यादी पाहिली की या धंद्याला कोण काय विकतंय ते एका नजरेत दिसतं. पण माझा सगळ्यात चिवट स्पर्धक त्या यादीत नसतो. इंडक्टोथर्म किंवा इलेक्ट्रोथर्मच्या फर्नेसच्या पॅनेलवर युनिट दिसतातच, आणि मेल्टिंग सुपरवायझर ते वहीत लिहितो. मालकाच्या दृष्टीने मोजमाप आधीपासूनच होतंय, तेही फुकट. त्या वहीच्या जागी मी काय वेगळं देतो, याचं उत्तर फोनआधी तयार हवं. माझं उत्तर असं असतं: वहीत शिफ्टचा आकडा मिळतो, पण ओतायला साचे तयार नव्हते म्हणून द्रव धातू अर्धा तास धरून ठेवावा लागला, त्या अर्ध्या तासाची वीज वहीत वेगळी दिसत नाही.

शेवटची आठ मिनिटं: पान

मी हाताने लिहितो. आमच्या फाउंड्रीचं पान असं झालं होतं:

"इंडक्शन, कोक नाही. सुमारे ६०० टन, परवानगी ८००. ट्रॅक्टर, मशीनिंगसह. वितळवण्याची वीज ४५ ते ५५ लाख (?). छपरावर सोलर. आठ महिन्यांपूर्वी साडेसहा कोटींचा चार्ज: नवी फर्नेस? दुसरा पुरवठादार बेळगाव (?). विचारायचं: १. मेल्टिंग दिवसा आणलं का? २. धरून ठेवलेल्या धातूची वीज कशी मोजता?"

प्रश्नचिन्हं तशीच ठेवायची. चार्जची रक्कम, संचालकांची नावं, शेजारच्या फाउंड्रीचं मानांकन हे फोनवर कधीही बोलून दाखवायचं नाही. सार्वजनिक माहिती असली तरी समोरच्याला वाटतं, हा माझी चौकशी करत फिरतोय. आणि तासाभरात कन्सेंट मिळालं नाही, उलाढाल मिळाली नाही, तर फोनची तारीख पुढे ढकलायची नाही. पहिला प्रश्न बदलायचा: "भट्टी कुठली आहे आपल्याकडे?"

फोन सकाळी अकराला लावला. दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि पहिला प्रश्न टाकला. मालक म्हणाले, "दिवसा आणायचं म्हणतोय, पण दिवसा मोल्डिंग लाइन आणि मशीन शॉप दोन्ही चालू असतं. डिमांड वर जातीय. म्हणून अजून रात्रीच चाललंय." मग त्यांनी आपणहून सांगितलं की नवं कर्ज मशीन शॉपसाठी होतं, फर्नेससाठी नव्हे. मी पानावरचं 'नवी फर्नेस?' खोडलं, त्याजागी 'डिमांड', म्हणजे एका वेळी ओढली जाणारी कमाल वीज, लिहिलं, आणि दुसरा प्रश्न बाजूला ठेवून विचारलं, "दोन्ही एकत्र चालतात तेव्हा डिमांड किती जाते?"